‘एल’ घेऊ की ‘एक्सएल’? तक्त्यातला 40 नेमका कशाचा, ते आधी पाहा

वाचकाचे पत्र

“ताई, माझे वय 43, उंची पाच फूट दोन इंच. शाळेत नोकरी करते. दुकानात मी वर्षानुवर्षे ‘एल’च घेत आले. गेल्या दिवाळीपासून मोबाइलवरून तीन कुर्ते मागवले, तिन्ही ‘एल’. पहिला उभे असताना ठीक दिसतो, पण बसले की सीटवर ताणला जातो. दुसरा खांद्यावरून ओघळतो. तिसरा रेयॉनचा, आला तेव्हा छान बसला आणि दोन धुण्यांत आखूड झाला. घरचे म्हणतात, तुझे वजन वाढले आहे, एक साइज मोठा मागवत जा. शिवणाऱ्या बाईंकडे माप घेतले : छाती 38, कंबर 34, सीट 42. शाळा सुरू होण्याआधी एक 46 इंची सरळ सुती कुर्ता घ्यायचा आहे. त्याच्या तक्त्यात ‘एल’पुढे 40 लिहिले आहे. ‘एल’ घेऊ की ‘एक्सएल’?”

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तुम्ही सहज लिहून गेला आहात : “‘एल’पुढे 40 लिहिले आहे.” हा 40 कोणाचा आहे, याचा शोध घेतल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. तो कुर्त्याच्या छातीचा घेर असू शकतो, किंवा तो कुर्ता ज्या बाईच्या अंगाला बसावा असे कंपनीला वाटते, तिच्या छातीचा घेर असू शकतो. संकेतस्थळांवर दोन्ही प्रकारचे तक्ते सर्रास दिसतात, पुष्कळदा एकाच संकेतस्थळावर, एकमेकांशेजारच्या दोन कुर्त्यांखाली दिसतात, आणि दोन्हींवर ‘साइज चार्ट’ एवढेच लिहिलेले असते.

अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांत जे अंतर ठेवावे लागते, त्याला आम्ही शिवणकामात ‘लूज’ म्हणतो. न ताणल्या जाणाऱ्या विणलेल्या कापडाचा कुर्ता असेल, तर छातीला साधारण दोन ते चार इंच लूज हवा, नाहीतर हात वर करून फळ्यावर लिहिताना कुर्ता अख्खा वर ओढला जातो. आता तुमची छाती 38. तक्त्यातला 40 हा कुर्त्याचा घेर असेल, तर तुम्हाला फक्त दोन इंच लूज मिळतो, म्हणजे अंगाबरोबर, जेमतेम. तोच 40 जर अंगाचा असेल, तर तो कुर्ता तुमच्याहून दोन इंच रुंद बाईसाठी कापलेला आहे, आणि त्याचा प्रत्यक्ष घेर 43-44 भरेल. एकच अक्षर, एकच आकडा, आणि कपड्यात तीन-चार इंचांचा फरक.

हे लक्षात आले की तुमच्या पहिल्या दोन कुर्त्यांचे कोडे बऱ्याच अंशी सुटते. बसल्यावर ताणला जाणारा पहिला कुर्ता बहुधा कपड्याच्या मापाच्या तक्त्यावरून आला असावा : छाती 40, सीट 42. तुमची सीट 42 आणि कुर्त्याची सीटही 42, म्हणजे लूज शून्य. खांद्यावरून ओघळणारा दुसरा कुर्ता बहुधा अंगाच्या मापाच्या तक्त्यावरचा असावा. त्यातला ‘एल’ 40 छातीच्या बाईसाठी होता, म्हणून त्याचा खांदाही तिच्याच बेताने कापलेला होता. दोन कुर्ते एकमेकांच्या उलट दिशेने बिघडले, हाच याचा पुरावा आहे. वजन वाढलेले असते, तर दोन्ही घट्टच झाले असते. म्हणून घरच्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, आणि तुम्हीही तो मनाला लावून घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

तक्ता कोणत्या प्रकारचा आहे, हे कसे ओळखायचे? सर्वांत आधी तक्त्याच्या रकान्यांचे मथळे वाचा. ‘टू फिट बस्ट’ किंवा ‘बॉडी मेजरमेंट’ असे असेल, तर ते अंगाचे माप. ‘गारमेंट मेजरमेंट’ असेल, तर कपड्याचे. काही चांगल्या तक्त्यांत दोन्ही रकाने शेजारी शेजारी असतात, आणि तसे असेल तर प्रश्नच मिटतो. मथळा मोघम असेल, नुसते ‘बस्ट, वेस्ट, हिप’ असेल, तर छाती आणि कंबर यांतले अंतर पाहा. बाईच्या अंगात छाती आणि कंबर यांत सहज सहा-सात इंचांचे अंतर धरलेले असते. पण सरळ कुर्ता कमरेला फारसा आवळलेला नसतो, त्यामुळे त्याची छाती 40 असेल तर कंबर 38 किंवा 37 असते. तेव्हा 40 च्या शेजारी 33-34 दिसले तर तो अंगाचा तक्ता समजावा, आणि 38 दिसले तर कुर्त्याचा. खांदा, बाहीची लांबी, कुर्त्याची उंची असे रकाने असतील, तर निदान तेवढी मापे कपड्याचीच असतात. मात्र काही तक्त्यांत छातीचे माप अंगाचे आणि उंची कपड्याची अशी सरमिसळ असते, म्हणून केवळ उंचीचा रकाना दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आणखी एक खूण अशी की, एखाद्या ब्रँडच्या सरळ कुर्त्याखाली, अनारकलीखाली आणि कफ्तानखाली अगदी तेच आकडे दिसत असतील, तर तो सरसकट चिकटवलेला अंगाचा तक्ता असतो, कारण या तीन कपड्यांचा प्रत्यक्ष घेर एकसारखा असणे शक्य नाही.

असा गोंधळ होण्याचे एक कारण असे की, भारतीय बांध्यावर आधारलेले सर्वमान्य माप आपल्याकडे रूढच झालेले नव्हते. परदेशी तक्ते थोडेफार फिरवून वापरण्याची सवय उद्योगाला होती. म्हणूनच निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला, ज्यात मुंबईसह सहा शहरांमध्ये 15 ते 65 वयोगटातील 25 हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे ठरले. तुमच्या हातातल्या मोबाइलवर मात्र आज प्रत्येक ब्रँडचा ‘एल’ हा त्या ब्रँडपुरताच ‘एल’ आहे. दुकानात हे जाणवत नाही, कारण तिथे आपण ‘एल’ मागतो, अंगाला लावून पाहतो, आणि काउंटरवरचा माणूस न बोलता दुसरा हातात ठेवतो. तुम्ही वर्षानुवर्षे ‘एल’च घेत आलात असे तुम्हाला वाटते, पण कपाट उघडून जुन्या कुर्त्यांच्या मानेमागच्या पट्ट्या वाचून पाहा. त्यात एखादा ‘एम’ आणि एखादा ‘एक्सएल’ सापडण्याची मला बरीच शक्यता वाटते.

आता तुमच्या स्वतःच्या मापांबद्दल एक शंका विचारते. शिवणाऱ्या बाईंनी सांगितलेला 38 हा अंगाचा आहे, की लूज धरून सांगितलेला? अनेक जणी टेप लावतानाच दोन बोटे आत घालतात आणि वहीत तयार माप लिहितात. त्यांच्या कामासाठी ते योग्यच असते, पण तक्त्याशी ताडून पाहण्यासाठी ते निरुपयोगी ठरते, कारण मग लूज दोनदा धरला जातो. म्हणून एकदा घरी, ज्या अंतर्वस्त्रांवर कुर्ता घालणार तीच घालून, आरशासमोर पुन्हा माप घ्या. टेप पाठीवर खाली घसरू देऊ नका, तो जमिनीला समांतर राहिला पाहिजे. श्वास रोखू नका. सीटचे माप सर्वांत रुंद भागावर, कमरेच्या साधारण आठ-नऊ इंच खाली घ्या, आणि तेच माप खुर्चीवर बसूनही घ्या. बसल्यावर ते इंच-दीड इंच वाढते, आणि तुमच्या पहिल्या कुर्त्याला तेवढेच कमी पडले आहे. जुना कापडी टेप असेल, तर तो आधी पोलादी पट्टीवर ठेवून तपासा. वर्षानुवर्षांच्या वापराने टेप ताणला जातो आणि मग आपण प्रत्यक्षापेक्षा बारीक भरतो. माझ्या शिवणवर्गात असा एक टेप निघाला होता, जो 40 इंचांवर पाऊण इंच चुकत होता, आणि त्या टेपवर शिवलेली तीन पोलकी आम्हाला उसवावी लागली होती.

तरीही, अंगाच्या मापापेक्षा अधिक भरवशाची वस्तू तुमच्या कपाटात आहे. तुम्हाला उत्तम बसणारा, किमान चार-पाच वेळा धुतलेला, न ताणल्या जाणाऱ्या कापडाचा एक सरळ कुर्ता काढा. तो इस्त्री करून टेबलावर किंवा फरशीवर सपाट पसरा, पण ओढू नका. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडलेल्या गोलाव्याच्या, खालच्या टोकापासून दुसऱ्या मुंढ्याच्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हा झाला छातीचा घेर. स्लिट जिथे सुरू होते, त्याच्या किंचित वर आडवे मोजून दुप्पट करा. हा सीटचा घेर. मग दोन्ही खांद्यांच्या शिवणींमधले अंतर मागच्या बाजूने मोजा, आणि खांद्याच्या वरच्या टोकापासून तळाच्या दुमडीपर्यंत उंची मोजा. हे चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी तक्ता कपड्याचा असेल, तर अंगाचे माप बाजूला ठेवून याच चार आकड्यांशी ताडून पाहायचे. काही तक्त्यांत ‘अॅक्रॉस चेस्ट’ किंवा ‘फ्लॅट’ असे लिहून 20, 21 असे आकडे देतात. ती अर्धी मापे असतात, त्यांची दुप्पट करायची. आणि इंच की सेंटिमीटर, हे बटण कुठे आहे तेही पाहायचे. 102 सेंटिमीटर म्हणजे साधारण 40 इंच.

आता तुमच्या निवडलेल्या कुर्त्याकडे वळू. समजा, मथळे आणि कंबर पाहून तो तक्ता कपड्याचा निघाला, आणि त्यात ‘एल’ला छाती 40, सीट 42, खांदा 15 आणि ‘एक्सएल’ला छाती 42, सीट 44, खांदा 15.5 असे आकडे आहेत. ‘एल’ तुमच्या सीटला मुळीच चालणार नाही, कारण पहिल्या कुर्त्याचीच पुनरावृत्ती होईल. ‘एक्सएल’मध्ये छातीला चार इंच आणि सीटला दोन इंच लूज मिळतो. छातीला किंचित सैल, पण सुती कुर्त्याला आणि दिवसभर उभे राहून शिकवण्याला ते योग्य आहे. मग सीट आणखी सुखाची व्हावी म्हणून ‘डबल एक्सएल’ का घेऊ नये? कारण त्यात खांदा 16 होईल, आणि तुमचा दुसरा कुर्ता खांद्यावरूनच ओघळतो आहे. कुर्त्याची कंबर आणि बाजू कोणीही शिवणारी बाई तासाभरात आत घेते. खांदा आत घेणे म्हणजे बाही काढणे, मुंढा नव्याने कापणे आणि बाही परत बसवणे, ज्याला वेळही लागतो, पैसेही लागतात, आणि तयार कपड्यात ते क्वचितच नीट जमते. म्हणून माझा नियम असा आहे की, आधी खांदा जुळवायचा, मग सीट पाहायची, आणि छाती-कंबर शेवटी.

उलट तो तक्ता अंगाचा निघाला, तर छातीने तुम्ही ‘एम’मध्ये बसता आणि सीटने ‘एल’मध्ये. अशा वेळी खांदा जुळत असेल, तर मोठे माप धरून ‘एल’ घ्यायचा आणि गरज वाटली तर बाजूंनी थोडा आत घ्यायचा. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : तक्ता कपड्याचा असेल तर ‘एक्सएल’, अंगाचा असेल तर ‘एल’.

पण त्याआधी एका गोष्टीचा विचार करा. तुमच्या छातीत आणि सीटमध्ये चार इंचांचे अंतर आहे, आणि सरळ कुर्ते बहुतेक दोन इंचांचे अंतर धरून कापलेले असतात. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांचा बांधा तुमच्यासारखाच आहे, आणि सरळ कुर्ता घेताना प्रत्येक जण छातीच्या मापावरून साइज ठरवते, ही माझ्या मते सर्वांत नेहमीची चूक आहे. अशा बांध्याला साइज बदलण्याऐवजी काट बदलणे अधिक सोयीचे पडते. ए-लाइन कुर्ता छातीखालून हळूहळू रुंद होत जातो, त्यामुळे खांद्याला आणि छातीला बेताचा असूनही सीटला मोकळा असतो. सरळच हवा असेल, तर स्लिट कुठून सुरू होते ते फोटोत पाहा. सीटच्या सर्वांत रुंद भागाच्या वरून स्लिट सुरू होत असेल, तर कापड ताणले जाण्याऐवजी उघडते, आणि बसताना अडचण येत नाही. तुमच्या पहिल्या कुर्त्यावर हाच उपाय आहे. त्याची स्लिट दोन्ही बाजूंनी दीड-दोन इंच वर उसवून घ्या, कडा दुमडून टीप मारा, आणि तो कुर्ता घालण्याजोगा होईल. आत खाली पांढरी सलवार किंवा लेगिंग असेल, तर वर गेलेली स्लिट खटकतही नाही. दुसऱ्या कुर्त्याचा गळा रुंद असेल, तर खांद्याच्या शिवणीवर गळ्याच्या बाजूने पाव-पाव इंच आत घेऊन पाहा. खांद्याची पट्टीच मोठी असेल, तर मात्र तो मोठ्या खांद्याच्या कोणा बहिणीला द्यावा.

आता कापडाबद्दल. तुमच्या तिसऱ्या कुर्त्याचे माप चुकलेले नव्हते, माप बदलले. रेयॉन म्हणजे व्हिस्कोस. त्याचा तंतू पाणी पिऊन फुगतो आणि फुगताना धागा लांबीने आखडतो. शिवाय मागावर विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात, आणि पहिल्या एक-दोन धुण्यांत तो ताण सुटतो. म्हणून न आटवलेले सुती आणि रेयॉन कापड रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटते. कुर्ता अंगात ठीक राहतो पण गुडघ्याकडे चढतो, याचे कारण हे. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी घरात सुती कापड आणि अस्तर शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर बादलीत भिजवून, सावलीत वाळवून मगच शिंप्याकडे नेत असत. तयार कपड्यात तो टप्पा आपल्या हातात नसतो, म्हणून तो कोणी केला आहे का, हे वर्णनात शोधावे लागते. ‘प्री-श्रंक’, ‘प्री-वॉश्ड’ किंवा ‘सॅनफोराइज्ड’ असे लिहिलेले असेल, तर आटणे नगण्य असते. काहीच लिहिलेले नसेल, तर सुती कापडाला उंचीत चार टक्के आणि रुंदीत दोन टक्के धरून चला. रेयॉनला उंचीत पाच टक्केही धरायला हरकत नाही.

तुमच्या 46 इंची कुर्त्याला चार टक्के म्हणजे पावणेदोन इंचांहून थोडे अधिक, म्हणजे तो 44 च्या आसपास येऊन थांबेल. पाच फूट दोन इंच उंचीला तेही पोटरीवर येते, त्यामुळे उंचीची काळजी नको. रुंदीत मात्र 44 ची सीट दोन टक्क्यांनी 43 होईल, आणि बसल्यावरचे तुमचे माप त्याच्या आसपासच असणार. म्हणूनच वर स्लिटकडे लक्ष द्यायला सांगितले. वर्णनात आटवलेले कापड असल्याचा उल्लेख नसेल आणि स्लिटही खाली असेल, तर तो विशिष्ट कुर्ता सोडून द्यावा असे माझे मत आहे.

रेयॉनच्या जुन्या कुर्त्यासाठी एक उपाय करून पाहा. पुढच्या धुण्यानंतर तो पूर्ण वाळू देऊ नका. दमट असतानाच उलटा करून, एका हाताने तळ हलकेच ताणत वाफेची इस्त्री फिरवा. गेलेल्या उंचीतली थोडी परत मिळते, पूर्ण मिळत नाही, आणि दर धुण्यानंतर हे करावे लागते. त्याऐवजी खाली दोन इंचांची पट्टी किंवा लेस लावणे अनेकींना सोपे वाटते. ओल्या रेयॉनचा धागा कमजोर असतो, तेव्हा तो पिळू मात्र नका.

कापडाच्या वर्णनात ‘कॉटन ब्लेंड’ असा शब्द दिसला, तर त्यात सूत किती आणि पॉलिस्टर किती, हे त्या शब्दातून कळत नाही. आटण्याच्या दृष्टीने पॉलिस्टर बरे, कारण ते जवळजवळ आटत नाही, पण ते अंगाला जुळवूनही घेत नाही, त्यामुळे जॉर्जेट किंवा क्रेपच्या कुर्त्याला लूज पुरेपूर हवा. ‘इलास्टेन’ किंवा ‘स्पँडेक्स’ दोन ते पाच टक्के असेल, तर कापड बहुधा आडवे ताणले जाते, आणि मग अर्धा-एक इंच कमी लूज चालतो. होजिअरीचा कपडा, म्हणजे टीशर्ट किंवा लेगिंग, हा तर अंगाच्या मापाहून लहानही असू शकतो आणि तरी नीट बसतो. त्यामुळे टीशर्टमधला तुमचा साइज कुर्त्याला कधीही लावू नका. अस्तर असलेल्या कुर्त्याबाबत विशेष सावध राहा. वर जॉर्जेट आणि आत सुती अस्तर असेल, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि जॉर्जेट जसेच्या तसे राहते. मग छातीत आवळते, आणि वरचे कापड शिवणीपाशी सुरकुतते. अशा कुर्त्यात अस्तर कशाचे आहे, हे वर्णनात दिलेले नसेल, तर प्रश्नोत्तरांच्या जागी विचारून घ्यावे.

खरेदीदारांच्या फोटोंबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण सर्वांत प्रामाणिक माहिती मला तिथे मिळते. मॉडेलच्या फोटोवर साइज ठरवता येत नाही, कारण तिचा कुर्ता पाठीमागे चिमट्यांनी आवळलेला असू शकतो, आणि तिची उंची पाच फूट आठ असेल, तर तिच्या गुडघ्याखाली येणारा कुर्ता तुमच्या घोट्याकडे जाईल. खरेदी करणाऱ्या बायकांच्या फोटोंमध्ये कपड्याच्या सुरकुत्या वाचायच्या. एका बाईंनी अशाच सुती कुर्त्याचा आरशासमोर काढलेला फोटो मी परवा पाहिला. खाली लिहिले होते : “परफेक्ट फिट, पाच तारे.” पण छातीवर मुंढ्यापासून मुंढ्यापर्यंत दोन आडव्या घड्या पडल्या होत्या, म्हणजे छातीत कमी पडत होते. पोटाखाली दोन्ही स्लिट तिकोनी उघडल्या होत्या, म्हणजे सीटला कमी पडत होते. खांद्याची शिवण मात्र नेमकी हाडाच्या टोकावर होती. मुंढ्यातून छातीकडे जाणाऱ्या तिरप्या घड्या दिसल्या, तर मुंढा तोकडा आहे असे समजावे. शिवण दंडावर उतरलेली असेल, तर खांदा मोठा. समोर बटणपट्टी असेल, तर दोन बटणांमध्ये फट पडते का ते पाहावे. त्या बाईंना तो कुर्ता आवडला होता, आणि त्यात काही वावगे नाही, घट्ट बसणारा कपडा अनेकींना आवडतो. तारे मोजून तुम्हाला त्यांची आवड कळेल, सुरकुत्या पाहून तुम्हाला कपडा कळेल.

अभिप्राय वाचताना ‘एक महिन्यानंतर’, ‘धुतल्यावर’ असे शब्द असलेले आधी वाचा, कारण पार्सल उघडल्या उघडल्या लिहिलेला अभिप्राय आटण्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. ज्यांनी उंची, छाती आणि घेतलेला साइज असे तिन्ही लिहिले आहे, त्यांचे शब्द सोन्यासारखे. “नेहमीपेक्षा एक साइज मोठा घ्या” असे लिहिणाऱ्या बाईंचा नेहमीचा साइज कोणत्या ब्रँडचा, हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून असा एकटादुकटा सल्ला मी धरत नाही. पण दहांपैकी सात जणी सीटला घट्ट म्हणत असतील, तर तो काटाचाच दोष आहे. फोटोतला रंग तुमच्या निवडलेल्या रंगाहून वेगळा असेल, तर तेही पाहा, कारण पुष्कळदा सर्व रंगांचे आणि कधीकधी वेगवेगळ्या कापडांचेही अभिप्राय एकाच ठिकाणी गोळा झालेले असतात.

दरवेळी एक साइज मोठा मागवण्याची घरच्यांची सूचना का नको, हे आता वेगळे सांगायला नको. दोन साइज मागवून एक परत करण्याचा मार्गही अनेक जणी धरतात. घाईच्या समारंभासाठी मी तो समजू शकते, पण तुमच्याजवळ वेळ आहे. एक नीट मोजून मागवा, आणि खरेदीआधी तो कपडा परत घेतात की फक्त बदलून देतात, हे त्याच पानावर वाचा, कारण सवलतीच्या मालाला पुष्कळदा वेगळा नियम असतो.

पार्सल आले की अंगात घालण्याआधी कुर्ता सपाट पसरून टेप लावा. एकाच साइजच्या दोन नगांतही अर्धा इंच इकडेतिकडे असणे कारखान्यात धरलेलेच असते. छाती 42 ऐवजी साडेएकेचाळीस भरली, तर घाबरू नका, पण सीट 43 भरली तर तो ‘एक्सएल’ तुम्हाला नको. मग आतली बाजू उलटून बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले कापड, किती ठेवली आहे ते पाहा. ओव्हरलॉक अगदी शिवणीला चिकटून मारला असेल, तर हा कुर्ता पुढे कधीही सैल करता येणार नाही. प्रत्येक बाजूला अर्धा इंच माया असेल, तर गरज पडल्यास उसवून एकूण इंचभर घेर मिळतो. हे सगळे पाहून झाले की लेबल न काढता घाला, खुर्चीवर बसा, फळ्यावर लिहिल्यासारखा हात वर करा, जमिनीवरची वस्तू उचलायला वाका. सीटवर कापड ताणले गेले नाही आणि खांदा जागचा हलला नाही, तर लेबल काढा, आणि पहिल्यांदा घालण्याआधी थंड पाण्यात मीठ न टाकता एकटाच धुऊन, ओला असतानाच झटकून, सावलीत वाळवा. वाळल्यावर उंची पुन्हा एकदा मोजून तो आकडा मोबाइलमधल्या चार आकड्यांखाली, ब्रँडच्या नावासह, लिहून ठेवा.